दर महिन्याला ‘पाळी’ येत होती, तरी हाड गेले: एका सतरा वर्षांच्या मुलीचे प्रकरण

हे प्रकरण एका विशिष्ट मुलीचे नाही. अति डाएट करणाऱ्या मुलींच्या बाबतीत वारंवार दिसणारा घटनाक्रम आणि त्याला साजेसे आकडे एकत्र करून ते मांडले आहे, म्हणून मुलीला नाव दिलेले नाही.

वय सतरा, बारावी सायन्स. तक्रार उजव्या नडगीच्या दुखण्याची. तीन आठवडे आधी धावताना दुखायचे, मग जिना चढतानाही दुखू लागले. एक्स-रे स्वच्छ आला. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला ताणाने पडलेली बारीक चीर दिसली. पडणे नाही, मार नाही, आणि धावणे म्हणाल तर सोसायटीभोवती रोज पाच किलोमीटर. तेवढ्याने या वयाचे हाड चिरत नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी पाळीबद्दल विचारले. आई म्हणाली, “गोळ्या चालू होत्या तोवर अगदी वेळेवर यायची. मे महिन्यापासून बंद आहे. पीसीओडी आहे ना तिला.”

या उत्तरातला प्रत्येक तुकडा तपासून पाहावा लागला.

मागचा क्रम असा निघाला. पाळी साडेबाराव्या वर्षी सुरू झाली आणि तीन वर्षे अठ्ठावीस ते बत्तीस दिवसांनी नियमित होती. दहावीची परीक्षा संपली तेव्हा उंची १५८ सेंमी आणि वजन ५६ किलो, म्हणजे बीएमआय २२.४. कुठल्याही तक्त्यात हे वजन निरोगी ठरते. एप्रिलमध्ये साखर बंद झाली, मेमध्ये तूप आणि भात, जूनमध्ये रात्रीची पोळी. त्याच सुमारास सोमवार आणि गुरुवार सुरू झाले, संकष्टी तर होतीच. घरात या उपवासांचे कौतुक झाले, आजीने तर नातेवाइकांना फोन करून सांगितले. पण ती साबुदाणा आणि दाणे खात नव्हती. उपवास म्हणजे काकडी आणि ताक. आपल्याकडे जेवण टाळायला इतके सन्माननीय कारण दुसरे नाही, म्हणून अशा मुलीची माहिती घेताना ‘उपवास करतेस का’ एवढे पुरत नाही. उपवासाला काय खातेस आणि हा उपवास कधीपासून धरलास, हे विचारावे लागते.

शेवटची नैसर्गिक पाळी जुलैत आली. तेव्हा वजन ४८ किलोच्या आसपास होते, बीएमआय १९.२. पाळी थांबली त्या दिवशी ही मुलगी कोणाच्याही नजरेला कृश वाटली नसती. पाळीचे चक्र चालवणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, काट्यावरचा आकडा बघत नाही. खाल्लेल्या अन्नातून व्यायामाचा खर्च वजा जाता शरीर चालवायला किती ऊर्जा उरते, हे तो बघतो. चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे ही शिल्लक रोज सुमारे ४५ किलोकॅलरी असली की सगळे सुरळीत चालते. ती ३० च्या खाली गेली की एलएच या संप्रेरकाचे ठोके काही दिवसांतच विरळ होऊ लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. हे ठोके विरळ झाले की बीजांडकोषाला काम मिळत नाही, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी थांबते. इथे बीजांडकोष आणि गर्भाशय दोन्ही निरोगी असतात, बंद पडलेला असतो तो वरून येणारा हुकूम.

ऑक्टोबरमध्ये, तीन महिने पाळी चुकल्यावर, आई तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. तीन महिने हीच तपासणीची योग्य वेळ, त्यामुळे घरच्यांकडून उशीर झाला असे म्हणता येत नाही. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक आली. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोषांत अनेक छोटे फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या, दिसले. हातांवर आणि पाठीवर बारीक लव वाढल्याचे आईने सांगितले. पाळी नाही, फॉलिकल आहेत, केस वाढले आहेत, म्हणजे पीसीओडी. सल्ला मिळाला तो पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा, व्यायाम वाढवण्याचा आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा. सोबत पाळी आणायला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. त्या दिवशी तिचे वजन ४५.५ किलो होते. सहा महिन्यांत दहा किलोंहून जास्त उतरले होते, पण आधीचे वजन कोणी विचारले नाही.

ही गल्लत इतक्या सहज होते की तिच्याकडे नीट पाहायला हवे. पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षे बीजांडकोषांत बरेच फॉलिकल दिसणे सामान्य आहे. म्हणून पीसीओएस, म्हणजे आपण ज्याला पीसीओडी म्हणतो, त्याच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. उपासमारीने पाळी थांबलेल्या मुलींतही असेच चित्र दिसू शकते. केसांचेही तसेच. पीसीओएसमधले केस जाड, काळे असतात आणि हनुवटी, वरचा ओठ, छाती, बेंबीखाली येतात. उपासमारीत येते ती मऊ, फिकट, कापसासारखी लव, आणि ती हातांवर, पाठीवर, गालांवर पसरते. प्रकाश तिरका पाडून हात पाहिला की फरक डोळ्यांना दिसतो. सोबत बोटे गार असतात. कधी तळवे पिवळसर होतात, कारण दिवसभर गाजर आणि पपईवर भागवलेले असते. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो, त्यावरून ती कावीळ नव्हे हे कळते.

त्या दिवशी रक्ताच्या तीन साध्या चाचण्या झाल्या असत्या तरी दिशा बदलली असती: एलएच, त्याच्याच जोडीचे एफएसएच आणि इस्ट्राडिओल हे मुख्य इस्ट्रोजेन. पीसीओएसमध्ये एलएच बहुधा चढते किंवा सामान्य असते आणि इस्ट्रोजेन पुरेसे असते. उपासमारीत एलएच तळाला जाते, एफएसएच कमी किंवा सामान्याच्या खालच्या टोकाला राहते आणि इस्ट्राडिओल जेमतेम असते. या चाचण्या गोळ्या सुरू करण्याआधीच करायच्या असतात. गर्भनिरोधक गोळ्या हेच संप्रेरक दाबतात, त्यामुळे गोळ्या चालू असतानाचे आकडे निरुपयोगी ठरतात.

नोव्हेंबर ते एप्रिल अशी सहा पाकिटे ती घेत राहिली. दर महिन्याला रक्तस्राव झाला आणि घर निश्चिंत झाले. पण ती पाळी नव्हती. पाकिटातल्या संप्रेरकाच्या गोळ्या संपल्या की गर्भाशयाचे अस्तर सुटून येते, मग मेंदू झोपलेला असो वा जागा. हा रक्तस्राव शरीर बरे झाल्याची खूण नाही, आणि नेमकी जी खूण सर्वांना सावध करत होती ती त्याने झाकून टाकली. या सहा महिन्यांत वजन ४५.५ वरून ४३ च्या खाली गेले. मेमध्ये गोळ्या थांबल्या, पाळी आली नाही. आईला ते फारसे लागले नाही. “बारावीचं वर्ष, नाही आली तेच बरं,” असे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले.

मग ‘गोळ्यांनी निदान हाडांना इस्ट्रोजेन तरी मिळाले ना’ हा प्रश्न येतो. तो रास्त आहे आणि उत्तर नकारार्थी आहे. उपासमारीत हाड एकट्या इस्ट्रोजेनअभावी झिजत नाही. हाड बांधणाऱ्या पेशींना आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारे संप्रेरक लागते आणि उपाशी शरीरात यकृत ते पुरेसे तयार करत नाही. तणावाचे संप्रेरक कॉर्टिसॉल चढलेले असते, ते बांधकाम आणखी थांबवते. गोळीतले इथिनिल इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे आयजीएफ-१ आणखी खाली आणते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने निघून जाते. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटीचे २०१७ चे मार्गदर्शन सांगते की केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या स्थितीत गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत.

किशोरवयात या नुकसानीचा हिशेब वेगळा असतो. वयात आलेल्या मुलीचे हाड अठराव्या वर्षापर्यंत आपल्या आयुष्यभराच्या कमाल साठ्याच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि त्यातला मोठा वाटा पाळी सुरू होण्याच्या आगेमागे पडतो. वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या आजाराला अॅनोरेक्सिया म्हणतात. प्रौढ स्त्रियांत अॅनोरेक्सिया सुधारला नाही तर मणक्याच्या हाडाची घनता वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास घटल्याची नोंद आहे. किशोरवयीन मुलींत मात्र हाड मोडणे आणि बांधणे दोन्ही मंदावलेले आढळते. घनतेच्या आकड्यात फारसे काही हरवल्यासारखे दिसत नाही, पण त्याच महिन्यांत तिच्या मैत्रिणींची हाडे भरत असतात. तोटा असा न भरलेल्या हप्त्यांचा असतो, आणि हप्ते भरायची मुदत विशीच्या सुमारास संपत येते.

ऑगस्टमध्ये नडगी दुखून ती पुढे आली तेव्हा वजन ४२ किलो होते. सोळा महिन्यांत एक चतुर्थांश वजन गेले होते. झोपून मोजलेली नाडी मिनिटाला ४६, उभे राहिल्यावर ८४. रक्तदाब ८८/५६. मुलीशी आईला बाहेर बसवून बोलणे झाले, लघवीची गर्भधारणा चाचणी तिला कारण सांगून केली गेली. आपल्या घरांत या चाचणीचा अपमान वाटतो, पण पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीत ती पहिली चाचणी असते, संशयापोटी नव्हे. एलएच ०.७, एफएसएच ३.४, इस्ट्राडिओल १४, म्हणजे नेमके उपासमारीचे चित्र. प्रोलॅक्टिन सामान्य. थायरॉइडमध्ये टीएसएच सामान्य आणि टी-३ कमी होते. हा थायरॉइडचा आजार नव्हे, ऊर्जा वाचवायला शरीराने चूल बारीक केलेली असते. तिथे थायरॉइडची गोळी दिली तर वजन आणि हाड दोन्हींचे आणखी नुकसान होते. ‘ड’ जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी होते. वजन उतरलेल्या मुलीत आपल्या भागात क्षयरोग आणि गव्हातले ग्लूटेन न सोसण्याचा सीलिअॅक आजार यांचा विचार करावाच लागतो. ईएसआर, छातीचा एक्स-रे आणि सीलिअॅकची रक्तचाचणी ठीक आली.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्याचा झेड-स्कोअर उणे २.१ आला आणि डोके वगळून पूर्ण शरीराचा उणे १.६. छापील अहवालावर टी-स्कोअरही होता आणि त्यापुढे ‘ऑस्टिओपोरोसिस’ असा शेरा होता. तो बाजूला ठेवावा लागला. टी-स्कोअर तीस वर्षांच्या आतबाहेरच्या स्त्रीशी तुलना करतो, आणि सतराव्या वर्षी ही तुलनाच चूक आहे. झेड-स्कोअर समवयस्क मुलींशी तुलना करतो. उणे २ किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानाने हाडांची घनता कमी’ असे म्हणायचे. या वयात ऑस्टिओपोरोसिस म्हणायला मणक्याचे दबलेले हाड किंवा लांब हाडांचे वारंवार फ्रॅक्चर अशी जोड लागते. शब्द जपून वापरण्याचे कारण व्यवहारी आहे: त्या शेऱ्यावरून कोणी बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारे औषध सुरू करील. ते औषध हाडात वर्षानुवर्षे राहते, पुढच्या गरोदरपणाचा विचार करता काळजीचे आहे, आणि किशोरवयीन अॅनोरेक्सियात त्याचा लाभही सिद्ध नाही.

जागेपणी नाडी ५० च्या खाली असल्यामुळे तिला नऊ दिवस दाखल केले. सुरुवात १५०० किलोकॅलरीपासून झाली आणि दर दोन दिवसांनी २०० वाढवले. रक्तातला फॉस्फेट रोज पाहिला, कारण उपाशी शरीरात अन्न परत गेले की पेशी फॉस्फेट ओढून घेतात आणि तो घसरला तर हृदय आणि श्वास अडचणीत येतात. चौथ्या दिवशी तो २.४ झाला, तोंडावाटे फॉस्फेट दिल्यावर सावरला. नाडी ५४ वर स्थिरावली तेव्हा घरी सोडले.

खरा उपचार घरच्या स्वयंपाकघरात झाला. कुटुंबाने जेवणाची सूत्रे हाती घ्यायची, ही या वयात सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत. काय आणि किती, हे काही महिने आई-वडील ठरवतात, मुलगी नाही. तीन जेवणे आणि तीन मधली खाणी ठरली. सकाळी दाणे घातलेले दोन वाट्या पोहे आणि एक पेला म्हशीचे दूध. अकराला केळे आणि शेंगदाण्याचा लाडू. दुपारी तूप लावलेल्या तीन पोळ्या, उसळ, वाटीभर वरण-भात, वाटीभर दही. संध्याकाळी थालीपीठ-लोणी किंवा पनीरचे सँडविच. रात्री पुन्हा पूर्ण जेवण, झोपताना दूध. बेरीज सुरुवातीला २४०० च्या आसपास होती, पण सहाव्या आठवड्यात वजन अडले तेव्हा ती ३००० जवळ न्यावी लागली. भरून येणारे शरीर भट्टीसारखे इंधन जाळते. आधी जेवढ्यात वजन वाढत होते तेवढ्यात ते पुढे टिकतही नाही. ‘एवढे तर खाते आहे’ असे म्हणून घर नेमके इथेच सैल पडते. मुलीचे उपवास वर्षभरासाठी बंद झाले. आजीला ते पटवायला दोन बैठका लागल्या. शेवटी तिने संकष्टी नातीच्या वतीने आपण धरायची, असा तोडगा काढला.

धावणे चीर भरेपर्यंत बंद झाले, पुढे पाळी येईपर्यंत दोरीउड्याही बंद. व्यायामाने हाड बळकट होते हे खरे, पण शिल्लक ऊर्जा असेल तरच. ‘ड’ जीवनसत्त्व आठवड्याला ६०,००० युनिट असे सहा आठवडे दिले. कॅल्शियम मुख्यतः दूध, दही आणि नाचणीतून. हे दोन्ही लागतेच, पण गोळ्या चालू आहेत म्हणून वजनाकडे काणाडोळा झाला तर त्यांचा उपयोग शून्य.

वजन आठवड्यातून एकदा, लघवी करून, हलक्या कपड्यांत दवाखान्यात घेतले जाई, आणि काट्याकडे तिची पाठ असे. तिसऱ्या महिन्यात एकदम सव्वा किलो वाढले. त्याच सकाळच्या लघवीची सापेक्ष घनता १.००२ निघाली, म्हणजे वाढलेले वजन काट्यावर उभे राहण्याआधी प्यालेल्या पाण्याचे होते. रागवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या आठवड्यापासून दर वेळी लघवीची घनताही पाहायची, एवढेच ठरले. मानसोपचार आठवड्याला एकदा चालू होते, आणि भीती किती आहे हे त्या सव्वा किलोवरून कळले.

जानेवारीअखेर वजन ५०.५ झाले. पाळी थांबली त्या वजनाहून साधारण दोन किलो वर गेले की पाळी परतते, असा एक जुना आणि उपयोगी आडाखा आहे. तिनेही तो कुठेतरी वाचला होता. ५० आले, आता पुरे, असा वाद तिने मांडला. पण तो आडाखा सरासरीचा आहे आणि ती मधल्या काळात वयाने वाढलेली. तिच्या स्वतःच्या वाढीच्या रेषेवरून पाहिले तर लक्ष्य ५५ च्या आसपास येत होते. फेब्रुवारीत एलएच ३.१ आणि इस्ट्राडिओल ३६ आले. ठोके परतू लागले होते.

याच वेळी त्वचेवर लावायच्या इस्ट्राडिओल पट्टीचा प्रश्न आला. ही पट्टी गोळीसारखी यकृतातून आधी जात नाही, म्हणून आयजीएफ-१ दाबत नाही. १०० मायक्रोग्रॅमची पट्टी आठवड्यातून दोनदा आणि महिन्यातून दहा दिवस प्रोजेस्टिन, अशा उपचाराने अॅनोरेक्सियातल्या किशोरवयीन मुलींच्या मणक्याची आणि नितंबाची घनता दीड वर्षात वाढली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. समवयस्कांना गाठण्याइतकी मात्र वाढली नाही. इथे आकडे वर सरकत होते आणि वजनही चढत होते, म्हणून मेपर्यंत थांबायचे ठरले. ते सरकत नसते, तर झेड-स्कोअर उणे २.१ असताना थांबणे योग्य ठरले नसते.

पाळी एप्रिलमध्ये आली, वजन ५३.५ असताना. शेवटच्या नैसर्गिक पाळीनंतर एकवीस महिन्यांनी. मे कोरडा गेला, जूनपासून तीन पाळ्या लागोपाठ आल्या.

बारा महिन्यांनी त्याच यंत्रावर डेक्सा परत केली. यंत्र बदलले की आकड्यांची तुलना होत नाही. मणक्याची घनता ०.८१२ वरून ०.८४६ झाली, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. झेड-स्कोअर उणे २.१ वरून उणे १.८ वर आला. पाळी परतली, नाडी ६४ झाली, लव गेली, केस गळायचे थांबले. हाड मात्र सर्वांत हळू परतले, आणि किती परतेल याची खात्री देता येत नाही. वजन आणि पाळी टिकली तर विशीच्या मध्यापर्यंत आणखी भर पडण्याची आशा धरता येते. ऑक्टोबरमध्ये निदान झाले असते तर उपासमार सहा महिन्यांची असताना थांबली असती. ती दहा महिने जास्त चालली, आणि त्यातले सहा महिने सगळ्यांना पाळी वेळेवर येते आहे असेच वाटत होते.

ती आता वसतिगृहात जाते आहे. मेसची वेळ चुकली तर खोलीत ठेवायला लाडू, दाणे आणि दुधाची पावडर दिली आहे. वजन महिन्यातून एकदा महाविद्यालयाजवळच्या दवाखान्यात. उपवास नाहीत, आणि रूममेटबरोबर डाएट नाही. पाळी पंचेचाळीस दिवस लांबली किंवा वजन ५२ च्या खाली गेले तर घरी फोन करायचा आणि त्याच आठवड्यात भेटायचे. कोणी पाळीसाठी गोळ्या लिहून दिल्या तर त्या सुरू करण्याआधी एलएच, एफएसएच आणि इस्ट्राडिओल तपासायचे. हे तिने स्वतः लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावले आहे. पुढची डेक्सा एका वर्षाने.